मुलाखतीसाठी रजा घेताना कारण काय लिहावं?

प्रश्न: दारव्ह्याला पतसंस्थेत रोखपाल आहे. नागपूरला दुसऱ्या नोकरीची मुलाखत आहे. साहेबांना कितपत सांगू?

उत्तर: किरकोळ रजेच्या अर्जात "खाजगी कामानिमित्त बाहेरगावी जात आहे" एवढंच लिहा, ते खरंही आहे. साहेबांनी खोदून विचारलंच तर "नागपूरला माझं काम आहे, परवा हजर होतो" म्हणा. आजारपण मात्र अजिबात लिहू नका. दाखला मागितला तर अडकाल, आणि बसस्टँडवर ओळखीचं कोणी ना कोणी भेटतंच. अर्ज दोन दिवस आधी द्या, रोकड आणि किल्ल्या लेखी सोपवून जा, म्हणजे मागे फोन येणार नाहीत. शेजारच्या टेबलावरच्या मित्रालाही आत्ता सांगू नका. मुलाखत घेणाऱ्यांना मात्र स्पष्ट सांगा, की पतसंस्थेत चौकशी निवड पक्की झाल्यावरच करा.