आम्ही तर कधी भेटलोही नाही

"मॅडम, आम्ही कधी भेटलो नाही, कधी काही वावगं बोललो नाही. नुसत्या गप्पा होतात. तरी हे खोलीत आले की मी मोबाइल उलटा ठेवते. मी काही चुकीचं करतेय का?"

विचारणारी माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेली नाशिकची, चाळिशीच्या उंबरठ्यावरची शिक्षिका. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. गच्चीवरच्या बागेच्या एका फेसबुक ग्रुपवर तिने जास्वंदीवर पडलेल्या पिठ्या ढेकणाबद्दल विचारलं होतं. बंगळुरूच्या एका गृहस्थाने कडुनिंबाचं तेल किती घालायचं ते सांगितलं. मग झाडांचे फोटो, मग "आज शाळेत काय झालं?", मग रोज रात्री मुलगी झोपल्यावर तासभर. नवऱ्याची चाकणला नोकरी, तो शनिवारी घरी यायचा. शनिवार-रविवार ती त्या गृहस्थाचे मेसेज पुसून टाकायची.

मी लगेच हो किंवा नाही म्हटलं नाही. एक वही करायला सांगितली. आठवडाभरात मनाला लागलेली प्रत्येक गोष्ट लिहायची आणि ती सगळ्यात आधी कुणाला सांगितली, ते तिच्यापुढे लिहायचं. पुढच्या वेळी तिने वही उघडली, तर अकरा नोंदी होत्या. आईच्या छातीतली गाठ, मुख्याध्यापकांशी झालेला वाद, मुलीचं पहिल्यांदा खोटं बोलणं, अशा नऊ गोष्टी आधी बंगळुरूला गेल्या होत्या. नवऱ्याला आधी कळलेल्या दोनच. गॅसचा नंबर लावला आणि शाळेची फी भरली. वही वाचून दाखवताना तिचा आवाज तिथेच अडकला.

शर्ली ग्लास या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी यासाठी भिंत आणि खिडकी अशी प्रतिमा वापरली आहे. नवरा-बायकोत खिडकी असते, त्या दोघांच्या आणि बाहेरच्या जगाच्या मध्ये भिंत. हळूहळू खिडकी बाहेरच्या माणसाकडे उघडते आणि भिंत घरात उभी राहते. म्हणून मी तास मोजत नाही. लपवणं सुरू झालंय का, घरातलं तिकडे जातंय पण तिकडचं घरी येत नाही असं झालंय का, हे बघते. त्या माणसाबद्दल ओढ आहे का, हेही विचारते. मैत्रिणीशी तासभर बोललेलं कुणी पुसत बसत नाही.

वहीत आणखी एक नोंद होती, तिला ती किरकोळ वाटली होती. नवऱ्याने भावासाठी काढलेलं कर्ज थकलं होतं. ही गोष्ट त्याने स्वतःच्या आईलाही सांगितली नव्हती. ती बंगळुरूला माहीत होती. माझ्या मते रेष इथे ओलांडली गेली, कारण ही गोष्ट तिची एकटीची नव्हती.

"पण तो ऐकतो हो, हे ऐकत नाहीत," ती म्हणाली. खरंच होतं ते. पण त्या माणसाच्या वाट्याला तिची निवांत रात्र येत होती आणि नवऱ्याच्या वाट्याला शनिवारचे धुण्याचे ढीग. दोघांना एकाच तराजूत घालणं न्यायाचं नव्हतं.

ती "हळूहळू कमी करते" म्हणाली. माझा अनुभव असा की त्याने ओढ वाढतेच. तिने एकच शेवटचा मेसेज लिहिला, त्यात नवऱ्याला दोष दिला नाही आणि पुन्हा बोलण्याची आशाही ठेवली नाही. पुढचे काही आठवडे रात्री दहा वाजले की हात आपोआप मोबाइलकडे जायचा. हे होणार, हे तिला आधीच सांगून ठेवलं होतं.

नवऱ्याला सांगायचं का, यावर तीन बैठका गेल्या. ज्या घरात मारहाण किंवा धाक आहे, तिथे मी आधी बाईची सुरक्षितता बघते, सांगण्याची घाई करू देत नाही. इथे तसं काही नव्हतं. मुलीला मावशीकडे पाठवून रविवारी सकाळी तिने सगळं एकदाच सांगितलं. आज थोडं, उद्या थोडं असं बाहेर आलं, तर ऐकणाऱ्याचा प्रत्येक वेळी नव्याने विश्वासघात होतो. गप्पांचं त्याने ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्याला कर्जाचंही माहीत आहे?" आणि उठून गच्चीवर गेला.

पुढे दोघं एकत्र येऊ लागले. मोबाइलचा पासवर्ड त्याला हवा होता. तिची तयारी होती, म्हणून तीन महिन्यांपुरतं ठरलं, कारण जन्मभर पहारा करून संसार होत नाही. फोनवर रोज अर्धा तास बोलायचं, त्यात गॅस आणि फी हे विषय नाहीत, हेही ठरलं. पहिला आठवडा दोघांना पाच मिनिटांच्या वर बोलायला सुचेना.

दोन महिन्यांनी तिला पुन्हा वही करायला सांगितली. या वेळी नऊ नोंदी. तीन नवऱ्याला आधी सांगितलेल्या, दोन बहिणीला. उरलेल्या चारांपुढे तिने "कुणालाच नाही" असं लिहिलंय. सध्या आम्ही त्या चारांवर बोलतोय.