यूपीआयने पैसे कापले, दुकानदाराला मिळाले नाहीत

प्रश्न: किराणा दुकानात क्यूआर स्कॅन करून ६४० रुपये दिले. खात्यातून गेले, पण दुकानदार म्हणतो आले नाहीत. परत कधी मिळतील?

उत्तर: आधी ॲपच्या हिस्टरीत त्या व्यवहाराची स्थिती बघा. ‘Pending’ असेल तर थोडं थांबा, कारण तो व्यवहार अजून पूर्ण होऊ शकतो. घाईत दुसऱ्यांदा पैसे दिलेत तर दोन्ही जातात. ‘Failed’ असूनही बँकेने रक्कम वळती केली असेल, तर ती आपोआप परत यायला हवी.

रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार व्यापाऱ्याच्या क्यूआरसाठी व्यवहाराच्या तारखेनंतर ५ दिवसांची मुदत आहे. ३ तारखेला पैसे गेले तर ८ पर्यंत वाट बघायची. त्यानंतर बँकेने दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची असते. मात्र बरेच छोटे दुकानदार स्वतःच्या बचत खात्याचाच क्यूआर लावतात. तसं असेल तर मुदत एकच दिवस.

मुदत उलटली की ॲपमध्ये त्याच व्यवहारावरून तक्रार करा आणि बारा अंकी यूटीआर क्रमांक जपून ठेवा. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही, तर cms.rbi.org.in वर लोकपालांकडे जाता येतं.

स्थिती ‘Success’ असेल तर गोष्ट वेगळी. पैसे पोहोचलेत, दुकानदाराने त्याचं बँक स्टेटमेंट तपासावं. साउंडबॉक्स बोलला नाही हा काही पुरावा नव्हे! आणि ‘रिफंडसाठी पिन टाका’ म्हणणारा फोन सरळ कट करा, पैसे घ्यायला पिन लागत नाही.