अंड्यांचा हिशेब: ट्रे की डझन?

आमच्या दुकानात डझन ८४ रुपयांना, ट्रे १९५ ला. स्कूटरवरून आणताना एकदोन फुटतातच. मग ट्रे परवडतो का?

दोन फुटेपर्यंत परवडतो. ट्रेमध्ये ३० अंडी, म्हणजे एक साडेसहाला पडतं; डझनातलं सातला. हीच ३० अंडी डझनाच्या भावाने २१० ची झाली असती. वाचले १५ रुपये, आणि त्यात सातच्या भावाची दोनच अंडी बसतात. दोन फुटली तर उरलेली २८ प्रत्येकी ६.९६ ला पडतात. तिसरं फुटलं की ७.२२, आणि डझन जिंकलं.

मात्र डझनाची पिशवीही हँडलला आपटते. बारातलं एक गेलं तर उरलेली ७.६४ ला पडतात! ट्रेवर रिकामा ट्रे उपडा घालून सुतळीने आवळा आणि तो आडवाच, दोन पायांच्या मध्ये ठेवा. मी पूर्वी डिकीत उभा कोंबायचो. घरी येईपर्यंत खालची ओळ चिकट झालेली असायची.

तडा गेलेलं अंडं फुटलेल्यात धरायचं का?

कवच तडकलंय, पण आतला पापुद्रा शाबूत आणि बाहेर कोरडं असेल तर तोटा धरू नका. त्याच दिवशी नीट शिजवून संपवा. हाफ फ्राय नको. पांढरं झिरपलं असेल तर टाका. बारीक तडा डोळ्याला दिसत नाही. दोन अंडी हलकेच एकमेकांवर टेकवा: धड अंड्याचा आवाज खणखणीत येतो, तडकलेल्याचा बद्द. कागदी ट्रेला खालून ओला डाग असेल तर तो ट्रे घेऊच नका. गळलेलं अंडं वाळून ट्रेला चिकटतं आणि उचलताना फुटतं.

माझी भुर्जीची गाडी आहे, रोज चार ट्रे लागतात. घाऊकवाला शेकडा ६२० ने देतो, पण फुटलेली बदलत नाही. कोपऱ्यावरचा १९५ ला ट्रे देतो आणि बदलूनही देतो. कुणाकडून घेऊ?

घाऊकवाल्याकडून, रोजची फूट पाचच्या आत असेल तर. त्याच्याकडे १२० अंड्यांचे ७४४ रुपये होतात. पाच गेली तरी उरलेली ११५ अंडी ६.४७ ला पडतात, कोपऱ्यावरच्या साडेसहापेक्षा कमीच. सहावं गेलं की ६.५३.

तुमची फूट किती हे अंदाजाने सांगू नका. आठवडाभर गाडीच्या पत्र्यावर खडूने रेघा मारा. उतरवतानाच फुटलेली निघाली तर एक रेघ, नंतर पोऱ्याच्या हातून गेली तर फुली. फुल्या जास्त निघाल्या तर दुकान बदलून काही होणार नाही. ट्रे ठेवायची जागा बदला.