पगार चिठ्ठीतल्या चार ओळी

चि. पोरी,

तुझ्या पगार चिठ्ठीचा फोटो मिळाला. चष्मा पुसून दोनदा वाचला. पगार 15,600. त्यातून युनिफॉर्म 600, लेबल गन 450, ब्रेकेज 800, लेट मार्क 300. एकूण 2,150 गेले. तू विचारलंस, "काका, एवढं कापता येतं का?" माझ्या हिशेबाने 50 रुपये कापता येतात. बाकीचं कसं गेलं ते सांगतो.

मी बावीस वर्षं एका कारखान्यात पगारपत्रकं केली. तेव्हा 1936 चा पेमेंट ऑफ वेजेस अ‍ॅक्ट होता. त्याची जागा आता वेतन संहितेने घेतली आहे. ती संमत झाली 2019 मध्ये आणि लागू झाली 21 नोव्हेंबर 2025 ला. जुन्या कायद्यात शेवटी शेवटी महिना 24,000 पर्यंतच्या पगारालाच संरक्षण होतं, आता ती मर्यादा राहिली नाही. कपातीचे नियम मात्र बरेचसे तेच आहेत. मुळातली गोष्ट अशी, की पगारातून काय कापता येतं त्याची यादीच कायद्यात दिलेली आहे. त्या यादीत जे नाही ते कापायचं नाही. मालकाने "आमच्याकडे असाच नियम आहे" म्हटल्याने यादी लांबत नाही.

लेट मार्कपासून सुरू करू, कारण हे पाप मी स्वतः केलंय. आमच्याकडेही तीन लेट मार्क झाले की अर्धा दिवस जायचा. साहेबांनी सांगितलं, मी कापत गेलो. एकदा एका फिटरने माझ्या टेबलावर मस्टर उघडून विचारलं, "मी महिन्यात पस्तीस मिनिटं उशिरा आलो, तुम्ही चार तास कसे कापले?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. गैरहजेरीची कपात गैरहजेरीच्याच प्रमाणात हवी, असं कायदा सांगतो. तुझे महिन्याचे 26 दिवस, रोजचे 8 तास, म्हणजे 208 तास. 15,600 ला 208 ने भाग, तासाचे 75 रुपये होतात. तू एकदा 15, पुन्हा 15 आणि एकदा 10 मिनिटं उशिरा आलीस. मिळून 40 मिनिटं, त्याचे 50 रुपये. तेवढे गेले तर कुरकुरू नकोस. उरलेले 250 म्हणजे लेट मार्कच्या नावाखाली लावलेला दंड.

दंड लावताच येत नाही असं नाही, पण त्याची वाट अवघड आहे. कोणत्या चुकांना दंड आहे त्याची यादी आधी सरकारकडून मंजूर करून घ्यावी लागते आणि कामाच्या जागी लावावी लागते. दंड करण्याआधी कामगाराचं म्हणणं ऐकावं लागतं. एका पगार-मुदतीत सगळा दंड मिळून त्या पगाराच्या 3 टक्क्यांवर जाता येत नाही, म्हणजे तुझ्या बाबतीत 468 रुपये. तो हप्त्याने वसूल करता येत नाही आणि 90 दिवस उलटल्यावरही नाही. आणि गंमत अशी, की दंडाचा पैसा मालकाच्या खिशात जात नाही. तो रजिस्टरला लिहून कामगारांच्याच हिताच्या कामावर खर्च करायचा असतो. ही शेवटची अट ऐकली की बऱ्याच दुकानदारांचा दंडातला रस संपतो, हा माझा अनुभव.

आता ब्रेकेज. तू लिहिलंस, की स्टॉक मोजताना 9,600 रुपयांची काचेची भांडी फुटलेली किंवा कमी निघाली आणि बारा जणांत सारखी वाटली, म्हणून प्रत्येकी 800. दुकानांत हे सर्रास चालतं, म्हणून ते बरोबर असावं असं सगळ्यांना वाटतं. नुकसानभरपाई कापायला माल त्या माणसाच्या ताब्यात स्पष्टपणे दिलेला असावा लागतो आणि नुकसान थेट त्याच्याच हयगयीमुळे किंवा चुकीमुळे झालेलं असावं लागतं. कापण्याआधी त्याला कारण सांगायची संधी द्यायची आणि नुकसान जेवढं झालं त्याहून जास्त कापायचं नाही. शोरूमचे रॅक बारा जणांसाठी आणि गिऱ्हाइकांसाठीही उघडे असतात. गिऱ्हाइकाच्या पोराने बाऊल पाडला तर तुझी हयगय कुठे आली? बारा जणांत वाटणी केली, म्हणजे कोणाकडून फुटलं हे ठाऊक नाही अशी मालकानेच कबुली दिली.

उद्या तुझ्याच हातून काही फुटलं तर गोष्ट वेगळी. फोनवर बोलत ट्रे उचललास आणि सेट पडला, तर हयगय म्हणतील आणि तुला नाही म्हणणं जड जाईल. तेव्हाही किमतीवर अडून बस. 2,400 च्या छापील किमतीचा सेट दुकानाला 1,500 ला पडला असेल, तर नुकसान 1,500 चं, असंच मी म्हणेन. न झालेल्या विक्रीचा नफा तुझ्याकडून का घ्यायचा?

लेबल गनबद्दल फार बोलायला नको. मालकाने दिलेल्या सोयी-सुविधांचे पैसे कापता येतात, तेही सरकारने तशी परवानगी दिली असेल तर. पण कामाला लागणारी हत्यारं आणि कच्चा माल या सुविधांत धरायचा नाही, असं कायद्यात स्पष्ट लिहिलंय. किंमत चिकटवायची गन हे तुझं हत्यारच. युनिफॉर्म यादीत नावाने नाही. तो सुविधा म्हणून कापायचा तर सरकारचा तसा आदेश दाखवावा लागेल. दुकानाचं नाव छापलेला शर्ट घालायची सक्ती दुकानाची, मग ती तुझी सुविधा कशी?

तुझे मॅनेजर म्हणाले, "कायद्याने पन्नास टक्क्यांपर्यंत कापता येतं." ही कमाल मर्यादा आहे, सरसकट परवानगी नव्हे. यादीत बसणाऱ्या सगळ्या कपाती मिळूनही निम्म्या पगारावर जायच्या नाहीत, एवढाच तिचा अर्थ. आणि रुजू होताना कपातीला मान्यता देणाऱ्या कागदावर सही केलीस म्हणून घाबरू नकोस. संहितेने दिलेली रक्कम सोडून देणारा करार रद्दच ठरतो.

लगेच भांडायला जाऊ नकोस. आधी मॅनेजरना लेखी विचार, मेसेजही चालेल. मी असं लिहिलं असतं: "माझ्या पगारातून 2,150 रुपये कापले आहेत. प्रत्येक कपात वेतन संहितेच्या कोणत्या कलमाखाली आहे ते कळवावे. लेट मार्कच्या दंडाची मंजूर यादी आणि ब्रेकेजच्या रजिस्टरमधली माझ्या नावाची नोंद दाखवावी." आवाज चढवायची गरज पडत नाही. अर्ध्या ठिकाणी तेवढ्यानेच पुढच्या महिन्यात आकडे सुधारतात. तू एकटीने विचारण्यापेक्षा बाराही जणांनी विचारलंत तर उत्तम, ब्रेकेज तर सगळ्यांचंच गेलंय.

उत्तर आलंच नाही तर कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज करता येतो. त्याला तीन वर्षांची मुदत आहे, म्हणजे नोकरी सोडल्यावरही करता येईल. कपात बरोबर होती हे तिथे मालकाला सिद्ध करावं लागतं, चुकीची होती हे तुला नाही. कापलेल्या रकमेशिवाय तिच्या दहा पटींपर्यंत भरपाई देण्याचा अधिकारही त्या अधिकाऱ्याला आहे. दर वेळी तेवढी मिळते असं समजू नकोस.

एक काम मात्र आजच कर. हजेरीच्या मशीनवर तुझी वेळ दिसते ना, तिचा रोज फोटो काढून ठेव. तुझी ती 40 मिनिटं तू आठवणीने सांगितलीस. दुकानाच्या कागदात ती 90 निघाली तर 50 रुपयांचे 112.50 होतील, आणि तेव्हा तुझ्याकडे दाखवायला काहीतरी हवं.

तुझा,
काका