एचडीएल कमी, एलडीएल बरा, मग काळजी कशाची?

प्रश्न: वय ४५, पुरुष. टोटल कोलेस्टेरॉल २१०, एचडीएल ३८, एलडीएल १२०, ट्रायग्लिसराइड २६०. एलडीएल तर फार नाहीये, मग डॉक्टर काळजी का करतायत?

उत्तर: एलडीएल कोलेस्टेरॉल रक्तवाहिनीच्या भिंतीत साठवतं म्हणून ते कमी हवं, साधारण १०० च्या आत, आणि आधी हार्ट अटॅक आला असेल तर ७० किंवा त्याहूनही खाली. एचडीएल जादा कोलेस्टेरॉल परत यकृताकडे नेतं, म्हणून ते पुरुषांत ४० च्या खाली आणि बायकांत ५० च्या खाली गेलं की धोका वाढल्याची खूण.

पण तुमचं १२० बहुतेक मोजलेलं नाही, हिशोबाने काढलेलं दिसतंय, कारण बऱ्याच लॅब टोटलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करतात, म्हणजे २१० - ३८ - ५२ = १२०. ट्रायग्लिसराइड जास्त असलं की हा आकडा खऱ्यापेक्षा कमी येऊ शकतो, आणि ४०० च्या वर गेलं तर हे सूत्र चालतच नाही.

म्हणून टोटलमधून फक्त एचडीएल वजा करून बघा, १७२ येतं. हे नॉन-एचडीएल, साधारण १३० च्या आत हवं, आणि माझ्या मते तुमच्या रिपोर्टमध्ये हाच आकडा सगळ्यात महत्त्वाचा आहे. शुगर आणि बीपी तपासलं नसेल तर तेही करून घ्या, औषधाचा निर्णय डॉक्टर हे सगळं एकत्र बघूनच घेतात.