रेझ्युमेवरच्या लांबलचक चॅटमधून ठरलेली वाक्यं आणि टाकलेल्यांची कारणं कशी काढायची?

"मी न्हावा शेव्याला कस्टम्स ब्रोकरकडे डॉक्युमेंटेशनला आहे. जुन्या ऑफिसातल्या ताईंबरोबर व्हॉट्सॲपवर तीन आठवडे रेझ्युमेची वाक्यं घासत होते, चारशेवर मेसेज झालेत. बिल ऑफ एंट्रीचं वाक्य तर सहा वेळा बदललं. आता शेवटी काय ठरलं आणि बाकीचं का काढलं, याचा सारांश कसा करू?"

चॅट पहिल्या मेसेजपासून वाचायला बसू नका. तारखेच्या क्रमाने केलेला सारांश म्हणजे तीच चॅट थोडी आखूड होते, आणि "हे का काढलं?" हे शोधायला पुन्हा सगळं चाळावं लागतं. सारांश रेझ्युमेच्या ओळींनुसार लावा. म्हणजे सुरुवात चॅटपासून नाही, तुम्ही शेवटी जी पीडीएफ पाठवली तिच्यापासून. तिच्यातली ज्या ओळीवर चर्चा झाली ती प्रत्येक ओळ एक नोंद.

ओळ शोधताना क्रियापद शोधू नका, तेच तर बदलत गेलेलं असतं. न बदलणारं नाम शोधा: "चेकलिस्ट", "शिपमेंट". रोमनमध्ये आणि देवनागरीत दोन्हीकडे शोधा, कारण टाइप करताना आपण दोन्ही मिसळतो.

चॅट एक्स्पोर्ट करून कॉम्प्युटरवर वाचायची असेल तर अँड्रॉइडवर ती चॅट उघडून वरचे तीन ठिपके, मग `More`, मग `Export chat`, आणि तिथे `Include media` निवडा. मीडियाशिवाय काढली तर व्हॉइस नोटच्या जागी फक्त `<Media omitted>` येतं. ताईंनी "हे नको" एवढंच टाइप केलं असेल आणि का नको ते पुढच्या दीड मिनिटाच्या व्हॉइस नोटमध्ये सांगितलं असेल, तर तुमचं कारण तिथेच गेलं. दुसरी अडचण जास्त फसवी आहे. एक्स्पोर्ट केलेल्या फाइलमध्ये कोणता मेसेज कशाला उत्तर म्हणून आला ते दिसत नाही, आणि मेसेजवर दिलेला अंगठाही दिसत नाही. "हो हेच ठेव" हे वाक्य फाइलमध्ये त्याच्या अगदी वर असलेल्या वाक्याबद्दल वाटतं. प्रत्यक्षात ते दोन दिवस आधीच्या वाक्याला उत्तर असू शकतं. म्हणून होकार आणि नकार फोनवरच पाहा, फाइल फक्त मजकूर उचलायला वापरा.

आता तुमचं बिल ऑफ एंट्रीचं वाक्य. त्यातले आकडे आणि तपशील मी उदाहरणापुरते धरतो.

पहिलं रूप: "रिस्पॉन्सिबल फॉर इम्पोर्ट डॉक्युमेंटेशन". काढलं, कारण त्यातून जबाबदारी कळते, काम कळत नाही. हे कारण कुठल्याही अर्जाला लागू आहे, त्यामुळे हे रूप कायमचं बाद.

दुसरं: "फाइल्ड 150 बिल्स ऑफ एंट्री अ मंथ". हा नकार सगळ्यांत महत्त्वाचा आहे आणि सारांशात नेमका तोच "थोडं जास्त वाटत होतं" असा पातळ होतो. खरं कारण वेगळं असतं. बिल ऑफ एंट्रीवरच्या डिक्लरेशनवर ब्रोकरच्या वतीने सही करायची तर कस्टम्सचं एफ किंवा जी ओळखपत्र, म्हणजे कार्ड, लागतं. एच कार्डवर काम करणारी व्यक्ती चेकलिस्ट तयार करते, इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्टशी ताडून पाहते, पण सही तिची नसते. "फाइल्ड" लिहिलं की मुलाखतीत पहिला प्रश्न येतो, "जी कार्ड आहे का?" तेव्हा नोंद अशी हवी: "फाइल्ड नको, कार्ड एच आहे, जी कार्ड मिळाल्यावर पुन्हा विचार." या शेवटच्या अर्ध्या वाक्यासाठीच सारांश करायचा. हे रूप चुकीचं म्हणून नाही, आत्ता खरं नाही म्हणून काढलेलं आहे.

तिसरं: "प्रिपेअर्ड चेकलिस्ट्स फॉर 150". क्रियापद सुधारलं, पण आकडा दिवाळीआधीच्या गर्दीच्या महिन्याचा होता. जॉब रजिस्टरमधून मोजल्यावर नेहमीचा महिना 110 ते 120 शिपमेंटचा निघाला. इथे आकडा कुठून आला तेही लिहा, नाहीतर पुढच्या वेळी कुणीतरी 150 परत घालेल.

चौथं: "रिड्यूस्ड क्वेरीज बाय 40 पर्सेंट". ॲप्रेझरकडून येणाऱ्या क्वेरी कमी झाल्या हे ताईंना माहीत असेल, पण आधीचा आणि नंतरचा आकडा कुणी मोजलेला नाही. नोंद: "मोजणी नाही म्हणून काढलं, रजिस्टरमधून दोन तिमाहींच्या क्वेरी मोजल्या तर घालता येईल."

ठरलेलं वाक्य चॅटमधून उचलू नका, पीडीएफमधून कॉपी करा आणि मग चॅटशी ताडा. "पहिल्याचा शेवट आणि तिसऱ्याची सुरुवात ठेव" अशा सूचनेने तयार झालेलं वाक्य चॅटमध्ये सलग कुठेच नसतं. आणि टाइप करताना नकळत बदलही होतात: ठरलं होतं 110 ते 120, पीडीएफमध्ये गेलं "120 प्लस". असं सापडलं तर सारांशात दोन्ही लिहा आणि पीडीएफ दुरुस्त करा.

"सीएचए", म्हणजे कस्टम हाउस एजंट, की "कस्टम्स ब्रोकर" यावरही तुमच्यात वाद झाला असणार. 2013 च्या नियमांपासून अधिकृत शब्द कस्टम्स ब्रोकर आहे, पण फोर्ट, बेलापूरच्या ऑफिसांत अजून सगळे सीएचएच म्हणतात आणि रेझ्युमे शोधणारेही तोच शब्द टाकतात. मी असतो तर वाक्यात कस्टम्स ब्रोकर आणि स्किल्समध्ये एकदा सीएचए ठेवला असता. तुमचं वेगळं ठरलं असेल तर तुमचंच लिहा. सारांश करणाऱ्याने निर्णय बदलायचा नसतो.

आता सर्वांत जास्त होणारी चूक. एखादं रूप का गेलं याचं कारण चॅटमध्ये सापडत नाही, आणि लिहिताना आपण पटेल असं कारण स्वतःच घालतो. असं करू नका. तिथे सरळ "कारण दिलेलं नाही" लिहा आणि ताईंना विचारा. तसंच नाकारलेलं आणि नुसतं मागे पडलेलं यांत फरक ठेवा. ज्या वाक्यावर कुणी "नको" म्हटलंच नाही, विषय बदलल्यामुळे जे राहून गेलं, ते "न ठरलेलं" या वेगळ्या मथळ्याखाली जातं. बहुतेकदा त्यात एखादं चांगलं वाक्य असतं.

फाँट, मार्जिन, फोटो असावा का, हे सगळं शेवटी दोन ओळींत संपवा. वाद झालेल्या सात-आठ ओळी धरल्या तर पूर्ण सारांश दीड पानाच्या वर जायला नको.

नोंद नीट झाली का हे पाहायला ताईंना नाही, ज्यांनी चॅट वाचलेली नाही अशा कुणालातरी द्या आणि विचारा, "इथे 150 का नाही?" त्यांना नोंदीवरून उत्तर देता आलं तर ठीक. नाही आलं तर कारण अर्धवट उतरलंय.

देण्याआधी इम्पोर्टरची नावं, आयईसी नंबर, कंटेनर नंबर काढून टाका. चॅटमध्ये उदाहरण देताना ते सहज येतात आणि सारांशातून पुढे कुणाच्याही मेलवर जातात.