आजीच्या आठवणींवरून वर्कशीट: यूज्ड टू, वुड की साधा भूतकाळ?

प्रश्न: मुलगी आठवीत आहे. शाळेतून सांगितलं की आजीला तिच्या लहानपणाबद्दल विचारा आणि त्यावर यूज्ड टू, वुड आणि सिंपल पास्टचं वर्कशीट करून आणा. आजी नागपूरच्या महाल भागात वाढल्या, बोलतात भरपूर. पण पोरगी सगळीकडे वुड घालते आणि बाई लाल शेरे मारतात. आजींचं बोलणं वर्कशीटमध्ये बसवायचं कसं?

उत्तर:

आधी आजींना मराठीतच बोलू द्या आणि सात-आठ वाक्यं जशीच्या तशी उतरवून घ्या. इंग्रजीचा विचार त्यानंतर. समजा त्या असं बोलल्या:

"आमच्या वाड्यात विहीर होती. उन्हाळ्यात आम्ही सगळी पोरं गच्चीवर झोपायचो, आई संध्याकाळी गच्चीवर पाणी शिंपडायची. तान्ह्या पोळ्याला मी लाकडाचा बैल घेऊन घरोघर जायची, बोजारा मिळायचा. एका वर्षी बैलाचं चाकच निघालं, मी रस्त्यात बसून रडली. त्या वाड्यात आम्ही दहा वर्षं राहिलो."

आता प्रत्येक क्रियापदाखाली पेन्सिलने रेघ मारा आणि मुलीला एकच विचारा: ही पुन्हा पुन्हा केलेली कृती आहे, नुसती स्थिती आहे, की एकदाच घडलेली गोष्ट?

गच्चीवर झोपणं, पाणी शिंपडणं, बैल घेऊन जाणं या कृती आहेत आणि त्या दरवर्षी होत. इथे यूज्ड टू आणि वुड दोन्ही चालतात. विहीर असणं ही स्थिती. तिथे "देअर यूज्ड टू बी अ वेल" किंवा "देअर वॉज अ वेल" चालेल, वुड चालणार नाही. असणं, राहणं, आवडणं, माहीत असणं या सगळ्यांना हेच लागू. तुमची मुलगी बहुधा इथेच अडकते, कारण मराठीत "झोपायचो" आणि "असायची" एकाच साच्यातले वाटतात. चाक निघालं ते एकदाच, म्हणून साधा भूतकाळ. आणि "दहा वर्षं राहिलो" हा खरा सापळा. सवय वाटते, पण किती काळ किंवा किती वेळा हे सांगितलं की साधा भूतकाळच घ्यायचा: "वी लिव्ह्ड देअर फॉर टेन इयर्स".

आजींना एक प्रश्न आणखी विचारून घ्या: ती विहीर आता आहे का? यूज्ड टू म्हटलं की वाचणारा समजतो, आता नाही. विहीर अजून असेल तर नुसतं "वॉज" लिहिलेलं बरं.

मोठं उदाहरण हवं असेल तर आजींच्या पिढीचं नागपूरच घ्या. हे शहर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं. स्थिती, आणि ती संपली. म्हणून "नागपूर यूज्ड टू बी द कॅपिटल ऑफ मध्य प्रदेश". १४ ऑक्टोबर १९५६ ला डॉ. आंबेडकरांनी इथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, ती एका दिवसाची घटना, म्हणून "एम्ब्रेस्ड". एकाच वर्षातल्या दोन गोष्टी, क्रियापदाचं रूप मात्र वेगळं. वर्कशीटमध्ये ही जोडी शेजारी-शेजारी ठेवा.

परिच्छेद लिहिताना क्रम सांभाळा. वुडने एकदम सुरुवात करू नका. "वी वुड स्लीप ऑन द टेरेस" एवढंच वाचलं तर कधीची गोष्ट ते कळत नाही, "झोपलो असतो" असंही वाटू शकतं. आधी "व्हेन आय वॉज अ चाइल्ड, वी यूज्ड टू स्लीप ऑन द टेरेस इन समर", मग "माय मदर वुड स्प्रिंकल वॉटर ऑन इट एव्हरी इव्हनिंग", आणि शेवटी "वन इयर, द व्हील केम ऑफ". इंग्रजीत आठवण सांगताना हा ओघ नेहमीचा आहे.

नकारात जपा. "भाऊ कारलं खायचा नाही" याला "डिडन्ट यूज टू ईट" म्हणायचं, आणि यूजपुढचा डी गाळायचा. "वुडन्ट ईट" लिहिलं तर "खायला तयारच नसे" असा हट्टाचा अर्थ येतो. आजींच्या भावाचं तसंच असेल तर खुशाल लिहा!

रिकाम्या जागा भरायला देताना मात्र "एक योग्य रूप लिहा" अशी सूचना देऊ नका. साधा भूतकाळ जवळपास सगळीकडे व्याकरणात बसतो. मग "स्लेप्ट" लिहिणारं पोर चूक कसं ठरवणार? त्याऐवजी "इथे कोणकोणती रूपं चालतील?" असं विचारा. उत्तरपत्रिका अशी: विहीर दोन, झोपणं तीन, चाक एक, दहा वर्षं एक. बाईंना तपासायलाही सोपं जातं, आणि वुड नेमकं कुठे घसरतं ते चार ओळींत दिसतं.